साडी, ब्लाउज, परकर: कपाटाचे फोटो आणि जोडांची शीट

प्रश्न: माझ्याकडे तीसेक साड्या, त्यांचे ब्लाउज, परकर, शिवाय रोजचे कुर्ते, लेगिंग, ओढण्या आहेत. सकाळी ऑफिसला निघताना साडी सापडते तर ब्लाउज सापडत नाही, ब्लाउज सापडला तर तो बसत नाही. सगळ्या कपड्यांचे फोटो काढून मोबाइलमध्ये यादी करावी म्हणते. ॲप घ्यावं की शीट? फोटो कसे काढावेत? आणि हे सगळं महिन्याभरात बंद पडू नये म्हणून काय करावं?

उत्तर:

शीट करा. गूगल शीट्स पुरेसं आहे, ते फुकट आहे आणि फोनवर उघडतं. तयार ॲप वाईट असतात म्हणून हे सांगत नाही. बहुतेक ॲपची रचना वरचा कपडा, खालचा कपडा, ड्रेस आणि बूट अशा खणांवर उभी असते. जीन्स-टॉप किंवा कुर्ता-लेगिंग त्यात व्यवस्थित बसतात. साडी मात्र ड्रेसच्या खणात जाते, ब्लाउज वरच्या कपड्यांत हरवतो आणि परकराला जागाच उरत नाही. तुमची अडचण नेमकी या तुकड्यांमध्येच आहे, त्यामुळे ॲपमध्ये दोन-तीन रविवार घालवूनही सकाळचा गोंधळ तसाच राहील.

शीटमध्येही बहुतेकजणी साड्यांची यादी करतात, फोटो लावतात आणि थांबतात. ती यादी बघायला छान वाटते, पण सकाळी उपयोगी पडत नाही. सकाळी निवडायची असते ती साडी नव्हे, अख्खा जोड: साडी, तिच्यावर जाणारा आणि आज अंगाला बसणारा ब्लाउज, आणि त्या रंगाचा परकर. तिघांपैकी एक जरी धुण्यात असेल तर उरलेले दोन कपाटात असून नसल्यासारखे. म्हणून एका टॅबमध्ये कपडे लिहा आणि दुसऱ्या टॅबमध्ये जोड. निवड नेहमी जोडांच्या टॅबमधून करायची. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

आधी नंबर

फोटोच्या आधी प्रत्येक कपड्याला नंबर ठरवा. पहिला आकडा प्रकार सांगेल असा: साड्या १०१ पासून, ब्लाउज २०१ पासून, परकर ३०१, कुर्ते ४०१, लेगिंग-सलवार-पलाझो ५०१ आणि ओढण्या ६०१ पासून. नुसते आकडे ठेवण्याचं कारण असं की फोनवर कीबोर्डची भाषा बदलत बसावं लागत नाही आणि "मोरपिशी काठाची ती" असली नावं टाळता येतात. नंबर कायमचा असतो. साडी कुणाला देऊन टाकली तर तिचा नंबर दुसरीला देऊ नका, नाहीतर जुन्या फोटोंशी घोळ होतो.

साडी ओळखू येते, परकर आणि पांढरे-काळे ब्लाउज येत नाहीत. परकराच्या नेफ्याच्या आतल्या बाजूला धुण्याने न जाणाऱ्या पेनने नंबर लिहा. ब्लाउजला तो बगलेखालच्या शिवणीत जो जास्तीचा कापडाचा पट्टा असतो, त्यावर लिहा. आधी एका कोपऱ्यात ठिपका देऊन शाई बाहेरच्या बाजूला उतरत नाही ना ते पाहा, कारण पातळ कापडात ती फुटते. रेशमी साडीवर काहीही लिहू नका. तिच्या सुती पिशवीत नंबराची चिठ्ठी टाका.

ब्लाउज घडी करून, नंबर वर दिसेल असे, एका खोक्यात क्रमाने उभे लावा. मग २०४ कुठे आहे हे शोधावं लागत नाही, तो २०३ आणि २०५ च्या मध्ये असतो. तुमचा अर्धा प्रश्न इथेच सुटतो, त्यामुळे फोटो काढायच्या आधीच हे करून टाका.

फोटो

फोटोचं काम एकच: रंग आणि काठ खरे दिसले पाहिजेत. सुंदर दिसण्याची गरज नाही.

उजेड खिडकीचा घ्या. सकाळी दहा ते दुपारी बारा-एकपर्यंत, जिथे थेट ऊन पडत नाही पण भरपूर प्रकाश येतो अशी जागा शोधा. थेट उन्हात साडीची जर पांढरी फटक येते आणि सावल्या काळ्या पडतात. खोलीतला बल्ब किंवा ट्यूब बंद ठेवा. एका बाजूने पिवळा आणि दुसऱ्या बाजूने दिवसाचा उजेड आला की एकच साडी अर्धी ऊबदार, अर्धी निळसर दिसते आणि ते नंतर दुरुस्त होत नाही. फ्लॅश बंद, फिल्टर बंद, आणि रंग "उठावदार" करणारी जी काही सोय तुमच्या फोनच्या कॅमेऱ्यात असेल ती बंद.

मागे चादर लावा, पण रंग विचार करून निवडा. फिकट करडी चादर सगळ्यांत सोयीची. पांढऱ्या चादरीवर पांढरा कुर्ता दिसत नाही. पुढेमागे एखाद्या ॲपमध्ये फोटो टाकलेत आणि त्याने पार्श्वभूमी कापली, तर पांढऱ्यावरचा पांढरा कपडा आणि झिरझिरीत ओढणी निम्मी कापली जाते.

फोन रंग स्वतःच ठरवतो, आणि चुकतो तो इथेच. संपूर्ण चौकट लाल साडीने भरली की कॅमेऱ्याला वाटतं उजेडच लाल आहे, आणि तो लाल कमी करतो. म्हणून कपड्याभोवती चारही बाजूंनी चादर दिसू द्या आणि कोपऱ्यात पांढऱ्या कागदाची चिठ्ठी ठेवा. त्याच चिठ्ठीवर जाड पेनने कपड्याचा नंबर लिहा. यात दोन कामं होतात: कॅमेऱ्याला पांढरं काय ते कळतं, आणि नंबर फोटोतच छापला जातो. फाइलचं नाव फोन बदलताना किंवा फोटो इकडून तिकडे पाठवताना बदलतं, फोटोतला नंबर बदलत नाही. नंतर फोटो बघताना चिठ्ठी पिवळट किंवा निळसर दिसली तर त्या फोटोतला रंग खरा नाही असं समजा आणि पुन्हा काढा.

काळे आणि गडद जांभळे कपडे फोटोत राखाडी येतात, पांढरे मळकट येतात. फोन सगळं मध्यम उजेडाचं करायला बघतो म्हणून असं होतं. स्क्रीनवर कपड्यावर बोट ठेवलं की बहुतेक फोनवर उजेडाची पट्टी येते. काळ्यासाठी ती थोडी खाली, पांढऱ्यासाठी थोडी वर सरकवा. राणी आणि गर्द लाल रंगात कापडाची वीण दिसेनाशी होऊन एकसंध डाग दिसत असेल तर तिथेही पट्टी खाली घ्या.

साडी पूर्ण पसरू नका. साडेपाच मीटर कापड पसरायला जागा नसते आणि फोटोत काठ दोऱ्याएवढा दिसतो. घडी करून साधारण हात-दीड हात रुंदीची करा, पदर वरच्या बाजूला उलगडून ठेवा, एका बाजूने काठ पूर्ण दिसू द्या आणि मध्ये अंगाचा रंग. पदर, काठ आणि अंग, तीनही एका फोटोत. धूपछाव साडी असेल तर एक चुणी उलटी वळवा म्हणजे दोन्ही रंग दिसतील, नाहीतर फोटोत तुम्ही ज्या कोनात उभ्या आहात तो एकच रंग येतो आणि ब्लाउज चुकीचा निवडला जातो. जरीचा काठ चमकत असेल तर फोन हलवा, साडी नको: खिडकीकडे पाठ न करता तिच्या आडव्या बाजूला उभ्या राहा.

ब्लाउजचे दोन फोटो लागतात, पुढचा आणि पाठीचा. पाठीचा गळा आणि बाहीची लांबी यावरच ऑफिस की लग्न हे ठरतं. परकराचा फोटो नुसत्या घडीचा चालेल. कुर्ते दाराला हँगरवर लटकवून काढा, फोन कुर्त्याच्या मध्याच्या उंचीवर धरा आणि दोन पावलं मागे सरकून थोडं झूम करा. जवळून काढला की वरचा भाग रुंद आणि घेर अरुंद दिसतो.

एका बैठकीत एकच कप्पा. सगळं कपाट पलंगावर काढलं की दुपारी उजेड जातो आणि रात्री झोपायला जागा नसते, मग घाईत सगळं पुन्हा कोंबलं जातं. पंधरा-वीस नग एका वेळी खूप झाले. रेशमी साड्या फोटोसाठी उघडल्याच आहेत तर परत घडी घालताना जुन्या मोडीवर घालू नका. एकाच रेषेवर वर्षानुवर्षं दुमडलेली जर तिथेच तुटते.

घालून बघणं

हा भाग कंटाळवाणा आहे आणि तोच सोडला जातो. प्रत्येक ब्लाउज अंगात घालून हुक लावून बघा, हात वर करून बघा. न बसणारा ब्लाउज जोडांच्या टॅबमध्ये येताच कामा नये. त्याचे दोन ढीग करा: आत माया आहे ते शिंप्याकडे, आणि माया नाही ते वेगळे. शिवण आतून उलटी करून पाहिली की माया किती आहे ते लगेच दिसतं. दोन्ही बाजूंना बोटाएवढा पट्टा असेल तर ब्लाउज सैल करता येतो. खणाच्या किंवा रेशमी ब्लाउजची जुनी शिवण उसवली की तिथे भोकांची रेघ आणि न उडालेल्या रंगाचा पट्टा दिसतो, हे शिंप्याला देण्याआधी माहीत असू द्या.

रंग जुळवणीही याच वेळी करा, खिडकीपाशी, प्रत्यक्ष कापड कापडावर ठेवून. फोटोवरून कधीही ठरवू नका. दोन हिरवे कपाटाच्या एलईडी दिव्याखाली अगदी एक दिसतात आणि उन्हात एक पिवळट, एक निळसर निघतो, कारण दोन कापडांना रंगवलेले रंग वेगळे असतात आणि प्रत्येक उजेडात ते वेगळे वागतात. परकराचंही तसंच. पातळ कॉटन किंवा शिफॉन साडीखाली परकराचा रंग थेट दिसतो, जाड इरकल किंवा पैठणीखाली जवळपासचा कुठलाही चालतो. जो परकर ज्या साडीखाली खरोखर चालतो तोच लिहा.

शीट

नवीन शीट उघडली की सगळ्यात आधी `File` → `Settings` मध्ये `Locale` हे `India` करा. ते अमेरिकेवर असेल तर तुम्ही ५ जून म्हणून टाकलेलं 5/6 शीट ६ मे समजतं, आणि 25/6 ला तारीखच मानत नाही.

शीटमध्ये आकडे इंग्रजी अंकांतच टाइप करा. मराठी अंकांत लिहिलेला १०७ शीटला मजकूर वाटतो, आकडा नाही, आणि मग कुठलंच सूत्र चालत नाही. ओळखायची खूण सोपी आहे: आकडा आणि तारीख आपोआप चौकटीच्या उजवीकडे चिकटतात, मजकूर डावीकडे. डावीकडे गेलेला आकडा दिसला की तो पुन्हा टाइप करा.

पहिला टॅब `कपडे`. कॉलम असे: A नंबर, B प्रकार, C रंग, D कापड, E जागा, F "बाहेर", G "किती जोडांत". F मध्ये `Insert` → `Checkbox` ने टिकचौकटी घाला. कपडा धुण्यात, इस्त्रीला, ड्रायक्लीनला, शिंप्याकडे किंवा बहिणीकडे असेल तर टिक. कुठे आहे हे लिहावंसं वाटलं तर E मध्ये लिहा, पण सूत्रासाठी टिक पुरेशी आहे. रंगासाठी दहा-बारा मूळ रंगांची ड्रॉपडाउन ठेवा. हाताने लिहिलंत तर कधी मोरपिशी, कधी मोरपंखी, कधी मागे एक रिकामी जागा सुटलेली, आणि शीटला ते तीन वेगळे रंग वाटतात. अंजिरी, आमसुली, चिंतामणी ही नेमकी नावं हवीच असतील तर D मध्ये कापडाशेजारी लिहा, त्यावर गाळणी लावू नका.

दुसरा टॅब `जोड`. A जोडाचा क्रमांक, B फोटो, C साडी किंवा कुर्ता, D ब्लाउज किंवा लेगिंग, E परकर किंवा ओढणी, F प्रसंग, G "पावसात चालेल" ची टिकचौकट, H शेवटी कधी घातला, I किती तुकडे बाहेर. C, D, E मध्ये नंबर टाकताना ड्रॉपडाउन `कपडे` टॅबच्या A कॉलमवरून घ्या आणि यादीत नसलेला नंबर नाकारायला सांगा. हे महत्त्वाचं आहे, कारण खालचं सूत्र चुकीच्या नंबराबद्दल तक्रार करत नाही. २०४ ऐवजी २४० लिहिलंत तर असा कपडा "बाहेर" सापडत नाही, म्हणून जोड तयार असल्याचं दाखवतो.

I2 मध्ये:

```
=SUMPRODUCT(COUNTIFS('कपडे'!$A:$A,C2:E2,'कपडे'!$F:$F,TRUE))
```

हे तीनही तुकडे `कपडे` मध्ये शोधून किती जणांवर टिक आहे ते मोजतं. 0 आलं म्हणजे अख्खा जोड घरात आहे. सूत्र खाली ओढून घ्या.

`कपडे` टॅबच्या G2 मध्ये:

```
=COUNTIF('जोड'!$C$2:$E,A2)
```

हा कपडा किती जोडांत आहे ते यातून कळतं.

तिसरा टॅब `आज`. B1 मध्ये प्रसंगाची ड्रॉपडाउन, B2 मध्ये किती दिवसांत घातलेलं नको तो आकडा, समजा 21. A4 मध्ये:

```
=SORT(FILTER('जोड'!A2:I,'जोड'!F2:F=B1,
 'जोड'!I2:I=0,'जोड'!H2:H<TODAY()-B2),8,TRUE)
```

सकाळी `आज` उघडलं की त्या प्रसंगाचे, पूर्ण घरात असलेले आणि तीन आठवड्यांत न घातलेले जोडच दिसतात, सर्वांत जुना घातलेला वर. H रिकामा असेल तर तो जोड यादीच्या तळाला जातो, कारण रिकाम्या चौकटी क्रमवारीत शेवटी येतात. कधीच न घातलेला जोड वर यावा म्हणून तिथे 1/1/2020 सारखी जुनी तारीख टाका. `#N/A` दिसलं तर शीट बिघडलेली नाही, अटीत बसणारा एकही जोड नाही एवढंच. B2 कमी करून बघा. पावसाळ्यात `TODAY()-B2` च्या लगेच पुढे, कंस बंद होण्याआधी, स्वल्पविराम देऊन `'जोड'!G2:G=TRUE` ही अट वाढवा. खळ दिलेल्या कॉटनची खळ भिजून जाते, फिकट साडीच्या फॉलवर उडालेला चिखल निघत नाही आणि रेशमावर पाण्याचे डाग राहतात, त्यामुळे जून ते सप्टेंबर यादी बरीच लहान होते. लहान होऊ द्या, तेच खरं चित्र आहे.

जोडाचा फोटो संगणकावरून `Insert` → `Image` → `Insert image in cell` ने घाला. त्याच मेनूत फोटो चौकटींच्या वर ठेवायचा पर्यायही आहे, तो घेऊ नका. वर ठेवलेला फोटो क्रमवारी लावली की जागच्या जागी राहतो आणि `आज` टॅबमध्ये येत नाही. फोटो घालण्याआधी ७००-८०० पिक्सेल रुंदीपर्यंत लहान करा. मूळ आकाराचे साठ फोटो घातले की शीट फोनवर उघडायला वेळ लावते, आणि वेळ लावणारी शीट सकाळी कुणी उघडत नाही. सुट्या कपड्यांचे फोटो शीटमध्ये घालायची गरज नाही, ते फोनमधल्या एका वेगळ्या अल्बममध्ये नंबराच्या क्रमाने असू द्या. `आज` टॅबच्या ओळींची उंची हाताने वाढवा, नाहीतर फोटो टिकलीएवढे दिसतात.

एक उदाहरण

समजा १०७ ही बाटलीहिरवी इरकल, लाल काठाची. तिच्यावर २०४ हा लाल खणाचा आणि २११ हा मोहरी रंगाचा कॉटन ब्लाउज जातो. परकर ३०३, हिरवा. हे दोन जोड झाले: १०७-२०४-३०३ घरच्या कार्यक्रमासाठी आणि १०७-२११-३०३ ऑफिससाठी. २११ हाच ब्लाउज ११२ या तपकिरी कॉटनवरही जातो, तिथे परकर ३०६. म्हणजे तिसरा जोड ११२-२११-३०६.

मंगळवारी तुम्ही १०७-२११-३०३ घातला. संध्याकाळी २११ आणि ३०३ धुण्यात टाकलेत, १०७ वाऱ्यावर टाकून कपाटात गेली. टिक फक्त दोन कपड्यांवर. बुधवारी `आज` उघडलं तर ११२ चा जोड दिसत नाही, जरी ती साडी घडी घालून समोर असली तरी, कारण तिचा ब्लाउज धुण्यात आहे. कागदी यादीत हे कधीच कळलं नसतं.

आता G कॉलम बघा. समजा ३०३ पुढे 7 आला. म्हणजे तो एक हिरवा परकर धुण्यात गेला की सात जोड बंद. असं बहुतेक कपाटात निघतं: साड्या भरपूर, आणि अडकतं ते दोन-तीन परकरांवर आणि एका काळ्या किंवा सोनेरी ब्लाउजवर. पुढची खरेदी तीच करायची, आणखी एक हिरवा परकर. ज्यांच्यापुढे 0 आहे ते दुसऱ्या टोकाचे. 0 असलेली साडी म्हणजे तिचा ब्लाउज शिवलेला नाही किंवा बसत नाही. 0 असलेला ब्लाउज म्हणजे त्याची साडी देऊन टाकली आणि तो राहिला. या शून्यांची यादी घेऊन एकदाच शिंप्याकडे जा. ब्लाउजपीस साडीला अजून जोडलेलाच असेल तर तो कापून घेण्याआधी साडीचा फोटो काढा, म्हणजे पीस कुठल्या साडीचा हे शिंप्याकडे चिठ्ठीसह जातं.

कुर्त्यांचं गणित सोपं असतं पण फुगतं. एका काळ्या लेगिंगवर बारा कुर्ते जातात म्हणून बारा जोड लिहू नका. कुर्त्यांसाठी तुम्ही खरोखर घालता तेवढेच एक-दोन जोड लिहा. शक्य असलेले सगळे जोड लिहिले की `आज` ची यादी इतकी लांब होते की निवडणं पुन्हा कपाटासमोर उभं राहण्याएवढंच अवघड होतं.

बंद पडतं ते का

फोटोंमुळे नाही, टिकांमुळे. दहा दिवस टिका खऱ्या राहतात, मग धुतलेले कपडे कपाटात जातात आणि टिक काढायची राहते. शीट म्हणते काहीच तयार नाही, तुम्ही कपाट उघडून बघता तर सगळं तयार, आणि तिथून शीटवरचा विश्वास जातो. उपाय असा की टिकेचं काम दिवसाच्या दोन ठरलेल्या हालचालींना बांधायचं. साडी उतरवून ठेवताना फोन हातात घ्या: H मध्ये तारीख, धुण्यात टाकलेल्या तुकड्यांवर टिक. वाळलेले किंवा इस्त्रीहून आलेले कपडे कपाटात ठेवताना, त्याच जागी उभं राहून टिका काढा. मध्ये आणखी पायऱ्या घालू नका. "धुण्यात", "वाळत", "इस्त्रीला" अशा वेगवेगळ्या स्थिती ठेवल्यात तर प्रत्येक कपड्यासाठी चारदा फोन उघडावा लागतो आणि ते टिकत नाही.

इस्त्रीला गठ्ठा देताना `कपडे` टॅबमध्ये F वर गाळणी लावून टिका असलेले कपडे बघा. परत आलेला गठ्ठा त्याच यादीशी ताडता येतो, हरवलेला परकर त्याच दिवशी लक्षात येतो.

ज्या घरात कपडे धुणं आणि ठेवणं दुसरं कुणी करतं, तिथे तुमच्याशिवाय टिक कुणी काढणार नाही. अशा वेळी धुऊन आलेले कपडे थेट कपाटात न जाता एका ठरलेल्या खुर्चीवर किंवा टोपलीत थांबू द्या, आणि रात्री तुम्ही टिका काढून मग ते आत ठेवा.

तरीही टिका चुकतीलच. महिन्यातून एकदा F कॉलम पूर्ण रिकामा करा आणि धुण्याची टोपली, दोरी आणि इस्त्रीचा गठ्ठा एवढंच बघून नव्याने टिका लावा. पूर्ण कपाट मोजण्यापेक्षा बाहेर असलेले मोजणं केव्हाही लवकर होतं.

रोज सकाळी शीट उघडण्यापेक्षा रविवारी संध्याकाळी `आज` मधून पाच जोड निवडा. त्या पाच साड्यांचा फॉल सुटलाय का, ब्लाउजचे हुक जागेवर आहेत का, नाडी परकरात ओवलेली आहे का ते बघा, आणि तिन्ही तुकडे एका हँगरवर लावून ठेवा. फॉलची उसवलेली शिवण शीटमध्ये दिसत नाही, आणि सकाळी नेमकी तीच आडवी येते. एकाच आठवड्यातल्या दोन जोडांत एकच ब्लाउज किंवा परकर आलाय का तेही इथेच बघा. `आज` टॅब हे सांगत नाही, कारण रविवारी तो परकर घरातच असतो. तो मंगळवारी जाणार हे त्याला माहीत नसतं.

नवीन साडी आली की नंबर लगेच द्या, फोटोही काढा, पण `जोड` मध्ये ओळ तेव्हाच लिहा जेव्हा फॉल-पिको झालेलं असेल, ब्लाउज शिवून अंगाला बसलेला असेल आणि परकर ठरलेला असेल. तोपर्यंत ती G मध्ये 0 घेऊन `कपडे` टॅबमध्ये थांबते आणि पुढच्या वेळी शिंप्याकडे जाताना यादीत आपोआप येते.